'अलाँग विथ', 'ॲज वेल ॲज', 'टुगेदर विथ': सहकाऱ्यांबद्दल लिहिताना इज की आर?

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इंग्रजी पत्रव्यवहारातला एक प्रश्न आहे. रत्नागिरीच्या विभागीय कार्यालयातून चिपळूण शाखेला मेल जायचा आहे. वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी इंग्रजी वाक्य देवनागरीतच देतो:

"द रीजनल मॅनेजर, अलाँग विथ टू ऑफिसर्स, इज व्हिजिटिंग द चिपळूण ब्रँच ऑन मंडे."

कार्यालयात दोन मतं आहेत. एक मत असं, की येणार तिघं आहेत, मग 'इज' कसं चालेल? 'आर' हवं. दुसरं मत असं, की 'इज'च बरोबर, पण का ते नीट सांगता येत नाही. शिवाय तीन उपप्रश्न आहेत. 'अलाँग विथ'च्या जागी 'ॲज वेल ॲज' किंवा 'टुगेदर विथ' आलं तर काही बदलतं का? स्वल्पविराम काढले तर बदलतं का? आणि सुरुवातीला 'आय' असेल तर काय लिहायचं? नुसतं उत्तर नको, कारण हवं आहे, म्हणजे पुढच्या पत्रात पुन्हा अडायला होणार नाही.

---

सुपारीबाग

'इज'च बरोबर.

व्यवहारात तिघं येतायत हे खरं, पण क्रियापद माणसं मोजत नाही, ते वाक्याचा कर्ता बघतं. तुमच्या वाक्यात कर्ता आहे 'द रीजनल मॅनेजर', एकवचनी. 'अलाँग विथ टू ऑफिसर्स' हा त्याच्यासोबत आलेला तुकडा आहे. तो कर्त्याचा भाग नाही.

हे पडताळायची सोपी युक्ती म्हणजे तो तुकडा उचलून वाक्याच्या शेवटी ठेवून बघायचा:

"द रीजनल मॅनेजर इज व्हिजिटिंग द चिपळूण ब्रँच ऑन मंडे, अलाँग विथ टू ऑफिसर्स."

वाक्य धडधाकट उभं राहिलं आणि आता इथे 'आर' लिहावंसं कुणालाच वाटणार नाही. आता हाच प्रयोग 'अँड'वर करा. 'द रीजनल मॅनेजर अँड टू ऑफिसर्स' यातलं 'अँड टू ऑफिसर्स' उचलून शेवटी टाकलं तर वाक्य मोडतं. 'अँड' दोन्ही बाजूंना सारख्या मानाने जोडतो, म्हणून दोघं मिळून एक अनेकवचनी कर्ता होतो. 'अलाँग विथ' तसं जोडत नाही, म्हणून तिथे कर्ता एकटाच राहतो.

दुसरी खूण सर्वनामाची. 'अलाँग विथ'नंतर आपण 'हिम', 'देम', 'मी' लिहितो. 'अलाँग विथ ही' किंवा 'अलाँग विथ दे' कुणी लिहीत नाही. कर्ता असता तर 'ही' आणि 'दे' आले असते.

'टुगेदर विथ'ला हेच सगळं जसंच्या तसं लागू. 'ॲज वेल ॲज' थोडं वेगळं आहे, त्यावर नंतर लिहितो.

---

काजूगर

मला शाळेत शिकवलेला नियम असा आठवतो, की क्रियापदाच्या सगळ्यात जवळचं नाम बघायचं. इथे जवळ आहे 'ऑफिसर्स', म्हणजे 'आर'. हा नियम परीक्षेलाही चालतो. मग इथे का नको?

---

सुपारीबाग

काजूगर, नियम खरा आहे, पण तो 'ऑर', 'आयदर–ऑर' आणि 'नायदर–नॉर' यांच्यासाठी आहे.

"नायदर द मॅनेजर नॉर द ऑफिसर्स आर कमिंग." इथे 'ऑफिसर्स' जवळ, म्हणून 'आर'.

"नायदर द ऑफिसर्स नॉर द मॅनेजर इज कमिंग." इथे 'मॅनेजर' जवळ, म्हणून 'इज'.

तो नियम 'अलाँग विथ'ला लावला की नेमकी तुमची चूक होते, आणि ती सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. लिहिताना 'ऑफिसर्स' हा शब्द नुकताच हातून गेलेला असतो, त्यातला अनेकवचनाचा 'स' कानात असतो, आणि बोट 'आर'वर जातं. मधला तुकडा जितका लांब तितका धोका जास्त. हे बघा:

"अवर कलीग फ्रॉम सावंतवाडी, अलाँग विथ थ्री ट्रेनीज अँड टू क्लर्क्स फ्रॉम द कुडाळ ऑफिस, हॅज कम्प्लीटेड द कोर्स."

कर्ता 'कलीग', क्रियापद 'हॅज', आणि मध्ये पाच माणसं आणि एक 'अँड'. त्या 'अँड'ने बिचकू नका, तो तुकड्याच्या आतला आहे. ट्रेनी आणि क्लर्क यांना तो एकमेकांशी जोडतो. 'कलीग'शी त्याचा संबंध नाही.

उलटही लक्षात ठेवा. कर्ता अनेकवचनी असेल आणि मागे एकटा माणूस असेल, तर क्रियापद अनेकवचनीच:

"द ऑफिसर्स, अलाँग विथ द मॅनेजर, आर कमिंग."

---

देवबागकर

मला वाटतं धागाकर्त्याने मराठीतही हेच विचारायला हवं होतं. आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात "अध्यक्ष तसेच सचिव उपस्थित होते" असं लिहितात. एक जण म्हणतो "अध्यक्ष सचिवांसह उपस्थित होते" हेही तितकंच बरोबर. मग दोन्हीकडे 'होते' आहे ना? अनेकवचनच झालं की. इंग्रजीत एकवचन आणि मराठीत अनेकवचन असं कसं?

---

खाडीपल्याड

देवबागकर, धाग्याचा प्रश्न इंग्रजीचा आहे, पण तुम्ही जे मांडलंत त्यातच या चुकीचं मूळ आहे. ते सोडवून बघू.

"अध्यक्ष सचिवांसह उपस्थित होते" यातलं 'होते' सचिवांमुळे आलेलं नाही. ते अध्यक्षांना दिलेल्या मानामुळे आलं आहे. सचिव काढून टाका, तरी आपण "अध्यक्ष उपस्थित होते" असंच लिहितो. एकटे असले तरी 'होते'.

आता मानाचा प्रश्न नसलेलं कुणीतरी घेऊ:

"मुलगा मित्रांसह आला."

"मुलगा आणि त्याचे मित्र आले."

पहिल्यात 'आला', दुसऱ्यात 'आले'. म्हणजे 'सह' असलं की मराठीतही क्रियापद मुख्य माणसाकडेच बघतं. 'मित्रांसह' मध्ये तर नामाचं रूपच बदललेलं दिसतं. 'मित्र'चं 'मित्रां' झालं, म्हणजे तो कर्ता उरला नाही. इंग्रजीत नामाचं रूप बदलत नाही म्हणून ते दिसत नाही, फक्त सर्वनामात दिसतं. सुपारीबाग यांनी 'हिम' आणि 'देम' सांगितलं ते हेच.

आता कार्यालयात काय होतं बघा. डोक्यात वाक्य असतं, "मॅडम दोन अधिकाऱ्यांसह येत आहेत." इथलं 'आहेत' मानाचं आहे. इंग्रजीत मानाचं अनेकवचन नाही, तिथे मॅडम एकट्या 'इज'च. पण डोक्यातलं 'आहेत' तसंच उतरतं आणि 'आर' होतं, वर 'ऑफिसर्स' हा शब्द शेजारी असतोच. म्हणून आपल्याकडे साहेब, मॅडम, सर, सरपंच, अध्यक्ष यांच्याबद्दलच्या वाक्यांत ही चूक जास्त दिसते, आणि शिपाई किंवा चालक यांच्याबद्दलच्या वाक्यांत कमी.

उपाय साधा आहे. शंका आली की मनातल्या वाक्यातून साहेबांना काढा आणि तिथे 'मुलगा' ठेवा. "मुलगा दोन मित्रांसह येत आहे." 'आहे' आलं ना? मग 'इज'.

---

कुडाळवाली

ह्या माका पटला. 'मुलगा' ठेवून बघणं विद्यार्थ्यांनाही लगेच कळेल.

एक छोटी गोष्ट, पण पत्रांत सर्रास दिसते म्हणून सांगते. 'अलाँग' आणि 'विथ' हे दोन वेगळे शब्द आहेत. आपल्याकडच्या सरकारी आणि बँकांच्या पत्रांत ते जोडून एकच शब्द लिहितात, ते प्रमाण इंग्रजीत धरत नाहीत. जोडून लिहिलं की तो 'अँड'सारखा एक जोडशब्द वाटायला लागतो आणि मग 'आर' लिहिण्याकडे कल जातो असं माझं निरीक्षण आहे. तोडून लिहिलं की त्यातला 'विथ' डोळ्यांना दिसतो.

---

मिरकरवाडा

माझ्यासमोर नेमकं असंच एक पत्र आहे. मच्छीमार सोसायटीतर्फे बोटीच्या विम्यासाठी विमा कंपनीला द्यायचं आहे. वाक्य असं:

"द तांडेल, अलाँग विथ सिक्स खलाशीज, वेअर ऑन बोर्ड."

तुमच्या म्हणण्याप्रमाणे 'वॉज' करायला हवं. पण 'वॉज' केलं तर कंपनीवाला म्हणेल, की बोटीवर एकच माणूस होता. मग सहा खलाशांचा दावा अडकला तर? इथे तरी 'वेअर'च ठेवावं असं मला वाटतं. सात माणसं होती हो.

---

सुपारीबाग

मिरकरवाडा, तुमची काळजी योग्य आहे, पण तिचा इलाज क्रियापदात नाही. 'वॉज' लिहिल्याने माणसं कमी होत नाहीत आणि 'वेअर' लिहिल्याने वाढत नाहीत. 'सिक्स खलाशीज' हे शब्द वाक्यात आहेतच. 'वॉज' हे व्याकरणाने बरोबर आहे.

पण मी तुमच्या जागी असेन तर हे वाक्यच ठेवणार नाही. 'अलाँग विथ' लिहिलं की तांडेल पुढे येतो आणि खलाशी मागे पडतात, ते तपशिलासारखे वाटतात. विम्याच्या पत्रात सातही जणांची बाजू सारख्याच वजनाने मांडायची आहे. तिथे सरळ 'अँड' घ्या, संख्याही द्या:

"सेव्हन पर्सन्स वेअर ऑन बोर्ड: द तांडेल अँड सिक्स खलाशीज."

आता 'वेअर' निर्विवाद आहे, आणि किती माणसं होती हे पहिल्याच शब्दात कळतं. खाली सातही नावांची यादी जोडा.

आणि रक्कम मागताना तर 'अलाँग विथ' अजिबात वापरू नका. "द तांडेल, अलाँग विथ द खलाशीज, क्लेम्स फिफ्टी थाउजंड" असं लिहिलं तर पन्नास हजार सगळ्यांचे मिळून की प्रत्येकाचे, हे कुठल्याच क्रियापदाने स्पष्ट होत नाही. 'ईच' किंवा 'इन टोटल' लिहावंच लागतं.

---

मिरकरवाडा

हे ठीक. 'सेव्हन पर्सन्स' वालं वाक्य घेतो. तांडेल आणि खलाशी हे शब्द कंपनीला कळतील का, की 'स्किपर' आणि 'क्रू' लिहू?

---

सुपारीबाग

पॉलिसीच्या कागदावर जे शब्द असतील तेच वापरा. फक्त 'क्रू' वापरलात तर एक नवी अडचण येते. 'द क्रू वॉज' की 'द क्रू वेअर', हा वेगळाच वाद आहे. ब्रिटिश वळणात दोन्ही चालतात, अमेरिकन वळणात एकवचन. 'सिक्स क्रू मेंबर्स' लिहिलंत की प्रश्न मिटला.

---

वाशिष्ठीकाठ

फार उपयोगी चर्चा चालली आहे. 'ॲज वेल ॲज'चं राहिलं. आणि 'आय'चं.

---

खाडीपल्याड

'आय'चं मी सांगतो.

"आय, अलाँग विथ माय कलीग्ज, ॲम अटेंडिंग द ट्रेनिंग."

नियमाने 'ॲम'. 'आर' नाही आणि 'इज' तर मुळीच नाही. कर्ता 'आय' आहे, मागे कितीही सहकारी असोत. पण हे वाक्य कानाला अडखळतं, मातृभाषा इंग्रजी असलेल्यांनाही. म्हणून इथे वाद घालत बसण्यापेक्षा वाक्य फिरवावं:

"माय कलीग्ज अँड आय आर अटेंडिंग द ट्रेनिंग."

यात सहकारी आधी, आपण मागे. इंग्रजीत शिष्टाचारालाही हेच धरून आहे. "आय अँड माय कलीग्ज" व्याकरणाने चुकीचं नाही, पण औपचारिक पत्रात स्वतःला पुढे ठेवल्यासारखं दिसतं.

---

सुपारीबाग

आता 'ॲज वेल ॲज'.

आधी अर्थ बघू, कारण इथे वचनाच्या आधी अर्थ चुकतो. 'ॲज वेल ॲज' म्हणजे 'आणि' नव्हे. त्याच्यानंतर येणारा भाग वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असतो आणि त्याच्या अगोदरचा भाग ही नवी बातमी असते. मराठीत त्याचा खरा साचा '…प्रमाणे …ही' असा आहे:

"द प्यून, ॲज वेल ॲज द ऑफिसर्स, इज गेटिंग अ लॅपटॉप."

अधिकाऱ्यांप्रमाणे शिपायालाही लॅपटॉप मिळतोय. अधिकाऱ्यांचं आधीच माहीत होतं, बातमी शिपायाची आहे. जोड्या उलट लावल्या तर बातमी अधिकाऱ्यांची होते आणि क्रियापद 'आर' होतं.

हाच साचा वचनही सांगतो. "अधिकाऱ्यांप्रमाणे शिपाईही येणार आहे." 'आहे', एकवचन. मराठीत हे आपोआप येतं. पण पत्र लिहिणारा 'ॲज वेल ॲज' ऐवजी मनात 'तसेच' धरतो. "अधिकारी तसेच शिपाई येणार आहेत." 'तसेच' मराठीत दोघांना सारखं जोडतं, म्हणून क्रियापद अनेकवचनी. ते इंग्रजीत उतरलं की 'आर' होतं. देवबागकरांच्या इतिवृत्तातलं पहिलं वाक्य याच जातीचं आहे.

तेव्हा 'ॲज वेल ॲज' लिहायच्या आधी स्वतःला विचारा: मला '…प्रमाणे …ही' म्हणायचं आहे की 'तसेच'? पहिलं असेल तर 'ॲज वेल ॲज' आणि क्रियापद पहिल्या नामाप्रमाणे. दुसरं असेल तर गुपचूप 'अँड' लिहा.

---

काजूगर

पण स्वल्पविराम नसतील तर? मी असं वाचलं आहे, की स्वल्पविराम काढले की 'ॲज वेल ॲज' हे 'अँड'सारखं होतं आणि 'आर' चालतं. "द मॅनेजर ॲज वेल ॲज द कॅशिअर आर प्रेझेंट." हे तर पुष्कळ ठिकाणी छापलेलं दिसतं.

---

सुपारीबाग

यावेळी तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या करू.

'अलाँग विथ' आणि 'टुगेदर विथ'च्या बाबतीत स्वल्पविरामाने औपचारिक लेखनात काहीही बदलत नाही. तिथे शेवटी 'विथ' बसलेला आहे, तो पुढच्या नामाला कर्ता होऊ देत नाही.

'ॲज वेल ॲज' मात्र काठावर आहे. सर्वनामाची परीक्षा इथे पक्का निकाल देत नाही. 'ॲज वेल ॲज मी' आणि 'ॲज वेल ॲज आय' दोन्ही आढळतात. १९८५ साली क्वर्क आणि त्यांच्या तीन सहलेखकांनी जे मोठं इंग्रजी व्याकरण लिहिलं, त्यातही 'ॲज वेल ॲज' हे पूर्ण जोडणारं आणि न जोडणारं यांच्या मधल्या गटात ठेवलं आहे. त्यामुळे मातृभाषा इंग्रजी असलेले लोक बोलताना, कधी लिहितानाही, 'आर' वापरतात. ते अडाणी नाहीत, ते अर्थ बघून बोलतात. खरं तर बोलताना 'अलाँग विथ'नंतरही ते असं करतात.

पण कार्यालयीन पत्र, शोधनिबंध आणि स्पर्धा परीक्षा या तिन्हीत पहिल्या नामाप्रमाणे क्रियापद हीच अपेक्षा असते. परीक्षेच्या उत्तरसूचीत तर दुसरं उत्तर नसतंच.

---

कुडाळवाली

इथे मी सुपारीबाग यांच्याशी पूर्ण सहमत नाही. विद्यार्थ्यांना 'नेहमी एकवचन' असं सांगितलं की ते "द टीचर्स, ॲज वेल ॲज द हेडमास्टर, इज" असंही लिहायला लागतात. त्यांच्या डोक्यात 'ॲज वेल ॲज दिसलं की इज' एवढंच बसतं. आणि काजूगर म्हणतात तसं स्वल्पविराम नसलेलं 'आर' वालं वाक्य छापील मजकुरात दिसलं की गोंधळ वाढतो. मी तरी 'आर' ला सरळ चूक म्हणत नाही. 'परीक्षेत मान्य नाही' असं सांगते.

---

सुपारीबाग

'नेहमी एकवचन' असं मीही म्हणत नाही. पहिल्या नामाप्रमाणे, एवढंच. 'टीचर्स' पहिले असतील तर 'आर'. पण 'चूक' म्हणायचं की 'अमान्य' म्हणायचं, यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही. माझ्या मते पत्र तपासणाऱ्याने ते दुरुस्तच करावं.

---

खाडीपल्याड

एक अशी जागा दाखवतो जिथे नियम पाळला तरी वाक्य बसत नाही. बँकेत किंवा पतसंस्थेत तिजोरीच्या किल्ल्या दोघांच्या संयुक्त ताब्यात असतात, एक रोखपालाकडे आणि एक अधिकाऱ्याकडे. आता लिहा:

"द कॅशिअर, अलाँग विथ द ऑफिसर, इज द जॉइंट कस्टोडियन्स."

'इज' आणि पुढे 'कस्टोडियन्स'? जमत नाही. 'आर' केलं तर नियम मोडतो. 'इज अ जॉइंट कस्टोडियन' केलं तर व्याकरण बसतं, पण दुसरा जण पुन्हा सोबतीला आल्यासारखा वाटतो. तपासणीच्या वेळी या वाक्याला महत्त्व असतं, दोघांची जबाबदारी सारखी आहे.

कारण असं, की 'संयुक्त' असणं, 'एकमेकांना' भेटणं, 'दोघांत' काम वाटून घेणं या गोष्टींना मुळात दोन कर्ते लागतात. 'अलाँग विथ' एकच कर्ता देतं. म्हणून जिथे 'जॉइंट', 'ईच अदर', 'बोथ' किंवा 'बिट्वीन देम' येणार असेल, तिथे 'अँड'ला पर्याय नाही:

"द कॅशिअर अँड द ऑफिसर आर द जॉइंट कस्टोडियन्स."

---

देवबागकर

आता कळलं. मग इतिवृत्तात इंग्रजी मसुदा करताना "द चेअरमन, टुगेदर विथ द सेक्रेटरी, हॅज साइन्ड द मिनिट्स" हे चालेल? सही दोघांची वेगवेगळी आहे.

---

खाडीपल्याड

व्याकरणाने चालेल. पण तुमच्या नियमानुसार दोघांची सही आवश्यक असेल तर 'अँड' आणि 'हॅव' घ्या. दोघंही सारखे बांधील आहेत हे त्यातून दिसतं.

---

सातबारा_शोधक

वाक्याची सुरुवातच 'अलाँग विथ'ने झाली तर? माझ्याकडे मसुदा आहे: "अलाँग विथ द सर्व्हेअर, टू क्लर्क्स इज कमिंग फॉर द मेझरमेंट." तुमच्या नियमाने पहिलं नाम 'सर्व्हेअर', म्हणून मी 'इज' केलं.

---

सुपारीबाग

नाही, इथे 'आर' हवं. 'पहिलं नाम' हे मी सोयीसाठी म्हटलं, ते इथे फसतं. 'अलाँग विथ'ला चिकटलेलं नाम कधीच कर्ता नसतं, ते वाक्यात कुठेही असो. तुमच्या वाक्यात त्याला चिकटलाय 'सर्व्हेअर', म्हणून तो बाद. उरले 'टू क्लर्क्स', तेच कर्ता. 'आर कमिंग'.

पण मोजणीला मुख्य माणूस सर्व्हेअर असतो. त्याला मागच्या तुकड्यात टाकून कारकुनांना कर्ता करणं अर्थाला धरून नाही. "द सर्व्हेअर इज कमिंग फॉर द मेझरमेंट, अलाँग विथ टू क्लर्क्स." हे बरं.

---

कुडाळवाली

तुकडा शेवटी टाकताना एक जपायचं. "द मॅनेजर विल मीट द स्टाफ अलाँग विथ टू ऑफिसर्स" यात दोन अधिकारी मॅनेजरसोबत आले आहेत, की मॅनेजर स्टाफला आणि त्या दोन अधिकाऱ्यांनाही भेटणार आहे? दोन्ही अर्थ निघतात. क्रियापदाच्या पुढे दुसरं माणसांचं नाम असेल तर तुकडा मॅनेजरच्या जवळच ठेवलेला बरा.

आणि घाईत असाल, वचनाची खात्री नसेल, तर 'विल' वापरा. 'विल व्हिजिट', 'विल मीट' यात वचन दिसतच नाही. साध्या भूतकाळातही तसंच, 'व्हिजिटेड', 'मेट'. अडचण फक्त इज–आर, वॉज–वेअर, हॅज–हॅव आणि वर्तमानकाळातल्या 'स'ची आहे.

---

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मसुदा आता असा केला आहे:

"द रीजनल मॅनेजर, अलाँग विथ टू ऑफिसर्स, इज व्हिजिटिंग द चिपळूण ब्रँच ऑन मंडे. शी विल रीच बाय टेन अँड विल नीड अ रूम फॉर देअर लॅपटॉप्स."

दुसऱ्या वाक्यात 'शी' आणि 'देअर' एकत्र आलंय. चालेल?

---

खाडीपल्याड

पहिलं वाक्य पक्कं. दुसऱ्यात 'शी'मुळे फक्त मॅडम दहाला पोचतात असं वाटतं, अधिकारी कधी येणार ते कळत नाही. तिघं एकाच गाडीने येत असतील तर "दे विल रीच" लिहा. पुढच्या वाक्यातलं सर्वनाम आधीच्या क्रियापदाला बांधलेलं नसतं. 'इज' लिहिल्यानंतर पुढे 'दे' आलं तर बिघडत नाही, कारण तोवर तिघांचाही उल्लेख झालेला असतो. मग 'देअर लॅपटॉप्स' पण जुळतं.

---

काजूगर

आणि एकाच वाक्यात असेल तर? "द मॅनेजर, अलाँग विथ टू ऑफिसर्स, इज ब्रिंगिंग हर लॅपटॉप" की "देअर लॅपटॉप्स"? 'इज' आणि 'देअर' एकाच वाक्यात मला विसंगत वाटतं.

---

सुपारीबाग

कडक नियमाने 'हर'. पण मग लॅपटॉप एकट्या मॅडमचाच राहतो. 'देअर' लिहिलेलं चांगल्या लेखनातही सापडतं, काही संपादक ते खोडतात. मी असतो तर 'अँड' आणि 'आर' करून 'देअर' ठेवलं असतं.

---

कुडाळवाली

मी 'इज' आणि 'देअर' तसंच ठेवलं असतं. अर्थ स्वच्छ आहे. मूळ कर्ता मॅडमच राहायला हव्यात, भेट त्यांची आहे.

---

वाशिष्ठीकाठ

दुसरं वाक्य "दे विल रीच बाय टेन" असं केलं आणि लॅपटॉपचं वाक्य वेगळं तोडून "ऑल थ्री विल नीड अ टेबल अँड अ प्लग पॉइंट" असं लिहिलं. मेल दुपारी पाठवतोय. पुढचा मसुदा खेड शाखेचा आहे, त्यात 'द ऑडिट टीम, टुगेदर विथ द मॅनेजर' असं आहे. 'टीम'चं वचन काय धरायचं ते इथेच विचारू की नवा धागा काढू?

---

सुपारीबाग

इथेच विचारा. 'टुगेदर विथ' ने त्यात फरक पडत नाही, प्रश्न फक्त 'टीम'चा उरतो. तुमच्या कार्यालयाच्या आधीच्या पत्रांत 'द टीम इज' आहे की 'द टीम आर', ते आधी बघून सांगा. एका कार्यालयातून दोन्ही जायला नकोत.